दुसरी प्रत, पण साक्ष वेगळी का? जुन्या भक्तिपुस्तिकांच्या संगणकीय शुद्धलेखनाचा आढावा

पुस्तिका आणि त्यांचे छापखाने

आरत्या, हरिपाठ, मनाचे श्लोक, करुणाष्टके, व्रतकथा, स्तोत्रे. मराठी घराघरांत शंभर-सव्वाशे वर्षे टिकलेले छापील साहित्य प्रामुख्याने हेच. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली शिळाछापावर पंचांग काढले आणि पुढे 1869 मध्ये जावजी दादाजींचे निर्णयसागर सुरू झाले. तोवर धार्मिक पुस्तकांना गिऱ्हाईक आहे हे छापखानेवाल्यांना पुरते कळून चुकले होते. निर्णयसागरसारख्या ठिकाणी मुद्रितशोधनावर शास्त्री नेमलेले असत. गावोगावच्या लहान छापखान्यांत मात्र खिळे जुळवणाराच मुद्रितशोधक असे, आणि घासलेले खिळे पुन्हापुन्हा वापरले जात. सोळा-बत्तीस पानी पुस्तिका स्वस्त कागदावर निघे, देवळाबाहेर विकली जाई, फाटली की दुसरी घेतली जाई. कोणती आवृत्ती कशावरून छापली याची नोंद ठेवण्याचे कुणाला कारण नव्हते.

आता ह्याच पुस्तिका स्कॅन होऊन साठवल्या जात आहेत आणि पानाच्या चित्रातून अक्षरे ओळखून घेण्याचे काम संगणक करतो. टेसेरॅक्ट हे मुक्त साधन त्यासाठी बरेच वापरले जाते. 2018 मधल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून ते एकेक अक्षर सुटे न पाहता सबंध ओळ ओळखू लागले आणि देवनागरीचा निकाल खूपच सुधारला. मराठी पानासाठी आज्ञा एवढीच असते:

```
tesseract pan12.png pan12 -l mar --psm 6
```

निकाल सुधारला म्हणजे काम संपले असे नाही. पानावर दीड हजार अक्षरचिन्हे धरली आणि त्यांतली शेकडा 98 बरोबर आली, तरी पानामागे तीस चुका उरतात. त्या कशा सुधारायच्या, आणि मूळ छपाईच संशयास्पद असेल तर शब्दाचा निवाडा कुठे करायचा, या दोन प्रश्नांवर काम करणाऱ्यांत एकमत नाही. पहिल्याचे उत्तर बरेचसे हाती आले आहे. दुसऱ्याचे नाही.

यंत्र कुठे चुकते

चुका सैरभैर नसतात, त्यांची कुळे असतात. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य या तीन जोड्या घ्या. प्रत्येक जोडीतल्या पहिल्या अक्षराला डाव्या वरच्या कोपऱ्यात छोटी गाठ असते आणि तिथे शिरोरेषा तुटलेली असते. स्वस्त कागदावर शाई पसरली की ती फट बुजते, आणि ध चा घ, भ चा म होतो. व आणि ब यांच्यात फक्त पोटातल्या तिरक्या रेघेचा फरक आहे. शाई कमी पडली की ब चा व दिसतो, जास्त झाली की दोघांचेही पोट काळे होते. जुन्या वळणाचा ख, ज्याचे दोन भाग एकमेकांना चिकटलेले नसत, हमखास ‘रव’ म्हणून वाचला जातो. दंड कधी काना होतो, कधी एकचा आकडा. कडव्याच्या शेवटी दुहेरी दंडांत बसवलेला क्रमांक म्हणजे तर गोंधळाचे माहेरघर.

ही कुळे ठाऊक झाली की शोध सोपा होतो. ‘रव’ असलेले सारे शब्द एकदम काढून पाहता येतात, शब्दाच्या मध्ये आलेला आकडा शोधता येतो. या चुकांची जमेची बाजू म्हणजे त्या ओरडून सांगतात. ‘मक्ति’ किंवा ‘घ्यान’ असा शब्द दिसला की कुणीही थांबतो.

न ओरडणारी चूक अनुस्वाराची. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने स्वीकारले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. त्याआधीच्या पुस्तिकांत ‘नाहीं’, ‘तेणें’, ‘घरीं’, ‘संकटीं’ असेच छापलेले असते. तो ठिपका शोभेचा नव्हता. ‘रामें’ म्हणजे रामाने, ‘घरीं’ म्हणजे घरात. विभक्ती त्या ठिपक्यात होती. आणि नेमका तोच तीन वाटांनी गळतो. खिळे तीन थरांत जुळवले जात तेव्हा वरच्या थरातली चिन्हे सरकत, त्यामुळे अनुस्वार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसे. स्कॅन स्वच्छ करताना ‘डाग काढा’ म्हटले की 300 डीपीआयला जेमतेम पाच पिक्सेलचा तो ठिपका डाग म्हणून पुसला जातो. आणि पुसला गेला नाही तरी, यंत्र मुख्यतः आजच्या मराठीवर शिकलेले असल्याने त्याला ‘नाहीं’पेक्षा ‘नाही’ जास्त संभवनीय वाटते. परिणाम असा की उतारा वाचताना अगदी शुद्ध वाटतो. शब्दतपासणी त्यावर एकही लाल रेघ ओढत नाही.

त्यामुळे जाणते लोक डाग काढण्याची पायरी सरसकट बंद ठेवतात आणि मूळ करड्या रंगातल्या चित्रावरच ओळख चालवतात. काही जण `mar` आणि `san` अशा दोन भाषासंचांनी तेच पान दोनदा वाचवून घेतात आणि जिथे निकाल जुळत नाहीत ती ठिकाणे आधी तपासतात. ही रीत म्हणजे दोन टंकलेखकांकडून एकच मजकूर वेगवेगळा टंकून घेण्याच्या जुन्या पद्धतीचे भावंड आहे. तिची मर्यादाही तीच. खिळाच मोडका असेल तर दोन्ही वाचने एकाच दिशेने चुकतात आणि तुलना गप्प राहते.

एका शब्दाचा निवाडा

सगळा वाद एका शब्दात पाहता येतो, म्हणून जरा रेंगाळतो. रामदासांच्या नावे असलेली गणपतीची आरती सर्वांना पाठ आहे. तिच्या शेवटच्या कडव्यात लंबोदर आणि पीतांबर यांच्या पाठोपाठ एक सामासिक शब्द येतो. समजा, जुन्या आरतीसंग्रहाच्या स्कॅनमधून यंत्राने तो ‘फणिवरवंधना’ असा दिला. ‘वंधना’ असा शब्द नाही, म्हणजे चूक नक्की. पण सुधारायची कशी? ध चा द केला तर ‘वंदना’. व चा ब केला तर ‘बंधना’. दोन्हींसाठी एकच अक्षर बदलावे लागते, कोशात दोन्ही सापडतात, आणि वापराच्या वारंवारितेवर चालणारी कोणतीही आपोआप दुरुस्ती निःसंशय ‘वंदना’च निवडणार.

पहिली पायरी पानाच्या चित्राकडे परत जाण्याची. अक्षर मोठे करून दोन गोष्टी पाहायच्या: व च्या पोटात तिरक्या रेघेचा काही अवशेष आहे का, आणि ध च्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली आहे का. याच पानावर इतरत्र आलेल्या ब शी ताडून पाहायचे. त्या खिळ्याची रेघ सगळीकडेच पुसट असेल तर इथला ‘व’ खरे म्हणजे ब असण्याची शक्यता वाढते. ध ची तुटलेली शिरोरेषा स्पष्ट असेल तर ‘वंदना’ तिथेच बाद होते. बहुतेक वेळा इथेच निकाल लागतो, आणि ही चूक स्कॅनची असल्याने ती निमूट सुधारायची, टीप देण्याचे कारण नाही.

आता समजा, पान इतके खराब आहे की चित्रावरून काहीच ठरत नाही. मग दुसरी पुस्तिका उघडायची. आणि इथे पंचाईत होते, कारण छापील आरतीसंग्रहांत ‘फणिवरबंधना’ही मिळते आणि ‘फणिवरवंदना’ही. गाणाऱ्यांच्या तोंडी तर ‘फळीवर वंदना’सुद्धा आहे, ज्यातली फळी कुठून आली हे गणपतीच जाणे. दुसऱ्या प्रतीने प्रश्न सोडवला नाही, त्याला फाटे फोडले.

मग अर्थ आणि चुकीचे कारण पाहावे लागते. गणपतीच्या पोटाला सापाचा पट्टा असतो. लंबोदर आणि पीतांबर यांच्या पंगतीत देहाचे आणि वस्त्राचे वर्णन चालू असताना ‘मोठ्या नागाने ज्याचे पोट बांधले आहे’ तो अर्थ चपखल बसतो. उलट ‘शेषाने वंदिलेला’ हा अर्थही अशक्य नाही. पण त्याच कडव्याच्या शेवटी ‘सुरवरवंदना’ हा शब्द येतो. तीच ‘वर’, तीच घडण, तेच यमक. जुळारी काय, नकलाकार काय, पाठांतर करणारा काय, पुढे येणाऱ्या ओळखीच्या शब्दाकडे मागचा अनोळखी शब्द सहज ओढला जातो. ‘बंधना’चे ‘वंदना’ कसे झाले हे असे समजावता येते. ‘वंदना’चे ‘बंधना’ का व्हावे याचे तितके सोपे कारण सापडत नाही. पाठचिकित्सेतला जुना दंडक हाच आहे: दोन पाठांत जो कठीण आणि ज्यातून दुसरा निपजण्याचे कारण दिसते, तो अधिक जवळचा धरावा. माझा कौल ‘बंधना’ला आहे. पण हा कौल आरतीच्या पाठाबद्दल झाला. समोरच्या पुस्तिकेत काय छापले आहे याबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि बहुतेक मतभेद या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे होतात.

दुसरा आधार कशाला म्हणायचे

‘दुसऱ्या प्रतीवरून पडताळले’ असे वाक्य अनेक उताऱ्यांखाली असते. त्याचे वजन ती दुसरी प्रत कुठून आली यावर ठरते. स्वस्त पुस्तिका एकमेकींवरून छापल्या गेल्या. पुण्याच्या पुस्तिकेवरून कोल्हापूरच्या छापखान्याने छापली असेल तर पुण्याची चूक कोल्हापुरात गेलीच. त्या दोघींचे एकमत हे एकाच प्रतीचे मत असते.

नाते ओळखण्याची खूण शुद्ध शब्दांत सापडत नाही, चुकांत सापडते. दोन पुस्तिकांत एकच चमत्कारिक मुद्राराक्षस असेल, आरत्यांचा क्रम तोच असेल, कडव्याचा एकच क्रमांक दोन्हींत सुटला असेल, ओळी त्याच ठिकाणी मोडल्या असतील, तर एक दुसरीवरून छापली आहे किंवा दोघींचे मूळ एक आहे. हे तत्त्व हस्तलिखितांच्या अभ्यासातून आले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वि. स. सुकथनकरांनी ते काटेकोरपणे वापरले, आणि सु. मं. कत्रे यांनी 1941 मध्ये भारतीय पाठचिकित्सेवर लिहिलेल्या पुस्तकात त्याची मांडणी आहे. छापील पुस्तिकांना ते तितकेच लागू पडते. आंतरजालावर तर दुप्पट, कारण तिथे एका टंकलेखकाचा मजकूर पन्नास ठिकाणी चिकटवलेला असतो. शोधाच्या निकालांची संख्या म्हणजे मतदान नव्हे.

स्वतंत्र आधार सर्व रचनांना सारखा मिळत नाही. तुकोबांच्या अभंगाला शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णुशास्त्री पंडित यांनी हस्तलिखिते जमवून सरकारी खर्चाने सिद्ध केलेली इंदुप्रकाश छापखान्याची गाथा आहे, 1869 आणि 1873 अशा दोन खंडांत; मात्र तिचे अभंगक्रमांक इतर गाथांशी जुळत नाहीत, म्हणून शोध पहिल्या शब्दांवरून घ्यावा लागतो. रामदासी वाङ्मयासाठी धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली हस्तलिखिते आहेत. ज्ञानेश्वरीच्या संहितेची चर्चा तर एकनाथांनी शके 1506 मध्ये केलेल्या शुद्धीपासून चालू आहे. हे भाग्य आरत्यांच्या, व्रतकथांच्या आणि स्थानिक देवतांच्या स्तोत्रांच्या वाट्याला आलेले नाही. ज्या पुस्तिका सर्वांत वाईट छापल्या गेल्या, त्यांच्याच मजकुराला चांगला दुसरा आधार नाही.

कोशाचे स्थानही नीट समजून घ्यायला हवे. मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश यांत शब्द सापडला तर तो मराठीत आहे एवढेच सिद्ध होते. तो या ओळीत होता हे नाही. ‘वंदना’ आणि ‘बंधना’ दोन्ही सापडल्याने तिथे काहीच ठरले नव्हते. तरीही उपयोग उलट्या बाजूने मोठा आहे. अनोळखी शब्द चूक समजून बदलण्याआधी कोश पाहिला तर अनेक बळी वाचतात. ‘उटी’ला ‘ओटी’ करणाऱ्याने हा त्रास घेतलेला नसतो.

सर्वांत जवळचा दुसरा आधार बरेचदा त्याच पुस्तकात असतो: शेवटच्या पानावरचे शुद्धिपत्र. स्कॅन करणारे ते जाहिरातींच्या पानांबरोबर वगळतात, किंवा घेतात पण उताऱ्यात लावत नाहीत.

छंदाची साक्ष

एक साक्षीदार असा आहे की ज्याला कुठल्याच छापखान्याशी नाते नाही, तो म्हणजे छंद. मनाचे श्लोक 205, म्हणजे 820 चरण. वृत्त भुजंगप्रयात: प्रत्येक चरणात बारा अक्षरे, आणि लघु-गुरु-गुरु हा गट चार वेळा. ही तपासणी संगणकाला सहज शिकवता येते आणि तो मोडलेले चरण काढून देतो. एखादे अक्षर गळले असेल, जोडाक्षर फुटले असेल, ‘अंग’चे ‘अग’ झाले असेल, तर सापडतेच. तेवढेच महत्त्वाचे म्हणजे छंद चुकीची दुरुस्तीही पकडतो. ‘रघूनायका’ मधला दीर्घ ऊ शब्दतपासणीला खटकतो आणि उत्साही मुद्रितशोधक तो ऱ्हस्व करतो. वृत्ताला तिथे गुरूच हवा आहे. कवीने मुद्दाम घेतलेली सूट शुद्धलेखनाच्या नावाखाली मोडली जाते.

मात्र अनुस्वाराबद्दल, जिथे गरज सर्वांत जास्त, तिथे हा साक्षीदार मुका आहे. ‘नाहीं’ मधला ‘ही’ मुळातच दीर्घ आहे. ठिपका असो वा नसो, तो गुरूच. गळणारे बहुतेक अनुस्वार अशाच दीर्घ स्वरांवर असतात. अभंगात तर अक्षरे मोजली जातात, लघु-गुरु नाही, त्यामुळे तिथे अक्षर गळले तरच कळते. आणि आरती चालीवर म्हटली जाते. तिथली मोजणी गाणारा सांभाळून घेतो.

तीन भूमिका

पहिली भूमिका यथामूल उताऱ्याची. ग्रंथसंग्रह सांभाळणारे आणि विकिस्रोतावर काम करणारे बहुधा हिचे. पुस्तिकेत जे छापले आहे तेच उतारायचे, अनुस्वारासकट आणि छपाईच्या चुकांसकट. चूक उघड असेल तर ती राखून शेजारी खूण करायची. विकिस्रोतात पान लाल, मग पिवळे, मग हिरवे होते, आणि हिरवे होण्यासाठी दुसऱ्या सदस्याने पाहावे लागते. पण ते दोघेही त्याच स्कॅनशी ताडून पाहतात, दुसऱ्या छापील प्रतीशी नाही. या भूमिकेची बाजू भक्कम आहे: एकदा बदललेला मजकूर पुन्हा मूळपदावर आणता येत नाही, आणि आज चूक वाटणारे रूप उद्या बोलीचा पुरावा ठरू शकते.

दुसरी भूमिका संपादकाची. पुस्तिका ही रचनेची एक वाईट प्रत आहे, जतन रचनेचे करायचे. म्हणून चांगल्या आधारावरून पाठ सुधारा आणि पाठभेद तळटीपेत द्या. ज्यांना चिकित्सक आवृत्त्यांची सवय आहे त्यांना हेच स्वाभाविक वाटते. अडचण एवढीच की आरत्यांसारख्या साहित्यात ‘चांगला आधार’ संपादकाच्या पसंतीवर येऊन थांबतो.

तिसरी भूमिका उपासकाची. मजकूर म्हणण्यासाठी आहे. आजच्या मुलाला वाचता आला पाहिजे, आणि घराण्यात किंवा फडावर जसे म्हणतात तसा असला पाहिजे. ‘संकटी’ की ‘संकष्टी’ हा त्यांच्या लेखी छापखान्याचा प्रश्नच नाही. अभ्यासक या भूमिकेला बरेचदा हसतात, ते मला पटत नाही. फडांवरचे पाठांतर कधीकधी कुठल्याही पुस्तिकेपेक्षा जुने आणि छपाईपासून स्वतंत्र असते, म्हणजे वर म्हटलेल्या अर्थाने खरा दुसरा आधार. मात्र ते पाठांतर पुस्तिकेवरूनच झाले आहे का, हे आधी पाहावे लागते. आणि ज्याला आरती पाठ आहे तो मुद्रितशोधनाला सर्वांत अडचणीचा माणूस असतो. तो पानावरचे वाचत नाही, तोंडातले वाचतो. म्हणून काही गट एकाला अक्षरशः वाचायला आणि दुसऱ्याला पडताळायला बसवतात, शिवाय कडवी उलट्या क्रमाने घेतात, म्हणजे चाल लागत नाही.

काय उरले आहे

तिन्ही भूमिका एका फाइलीत सामावता येतील असे तांत्रिकदृष्ट्या म्हणता येते. टीईआय या खुणापद्धतीत छपाईची चूक आणि तिची दुरुस्ती शेजारी ठेवता येते, जुने आणि नवे लेखन दोन्ही देता येते, आणि शंकाही नोंदवता येते:

```
फणिवर<unclear>बं</unclear>धना
```

इथे देवनागरीची एक खोच आहे: खूण अक्षराच्या मध्ये घालता येत नाही. शंका फक्त ब वर असली तरी अनुस्वार सोबत घ्यावाच लागतो, नाहीतर तो ठिपका अधांतरी लटकतो. साध्या मजकुरात तर शंका नोंदवण्याची सर्वमान्य रीतच नाही. कुणी प्रश्नचिन्ह टाकतो, कुणी चौकटी कंस, आणि मजकूर दुसरीकडे चिकटवताना दोन्ही गळून पडतात. शंका गेली की कच्चा शब्द पक्क्यासारखा फिरू लागतो.

अनुस्वाराचा प्रश्नही मोकळाच आहे. यथामूलवाले म्हणतात छापले तसे ठेवा, पण सरकलेला अनुस्वार ‘छापले तसे’ ठेवायचा की मालकाच्या अक्षरावर परत नेऊन बसवायचा? पहिले केले तर व्याकरण बिघडते. दुसरे केले तर उतारकाराने निवाडा केला, म्हणजे तो संपादक झाला. दोन्ही पद्धती एकाच संग्रहात, शेजारशेजारच्या पानांवर पाहायला मिळतात.

आणि सगळ्याच्या मुळाशी असलेली उणीव म्हणजे पुस्तिकांची वंशावळ. बऱ्याच पुस्तिकांवर सालच नसते, असले तर आवृत्तीचा क्रमांक नसतो, मुखपृष्ठ बदलून तोच मजकूर दुसऱ्या प्रकाशकाच्या नावाने आलेला असतो. कोणत्या कोणावरून छापल्या गेल्या हे समान चुकांवरून शोधता येईल, पण त्यासाठी त्या चुका उताऱ्यांत शिल्लक असल्या पाहिजेत. आज बहुतेक उतारे त्या आधीच निमूटपणे सुधारून टाकतात.